आईचे दोन गुडघे आणि चार हजारांची खोली

फेब्रुवारी २०२४ मध्ये आईच्या गुडघ्यांचा उभं राहून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं की दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती आतल्या बाजूला उरलीच नव्हती. हाडावर हाड. दोन्ही गुडघे शेवटच्या टप्प्यात गेले होते आणि दोन्ही बदलावे लागणार होते. आई तेव्हा ६८ वर्षांची. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "गो, माझ्यार एवढो खर्च कित्याक?"

आता जानेवारी २०२६ चालू आहे आणि दोन्ही गुडघे झालेत. मधल्या दोन वर्षांत पैशांच्या बाबतीत कुठे अडलो, कुठे वाचलो, ते जसं घडलं तसं लिहिते आहे. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण ते कुठल्या रकान्यातून येतात हे कळलं, तर काऊंटरवर उभं राहताना हात थरथरणार नाहीत. माझे थरथरले होते.

आम्ही फोंड्याजवळ राहतो. आई मूळची कुडाळची. बाबा गेल्यावर जुलै २०२१ मध्ये ती आमच्याकडे राहायला आली. त्यामुळे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा रस्ता आम्हाला बंद होता, कारण त्यासाठी गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि आईची जेमतेम अडीच झाली होती. ज्यांना हे कार्ड मिळू शकतं त्यांनी सुरुवात तिथूनच करावी. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत आधार आहे. पुण्याच्या दादाच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसतात का, तेही विचारून घेतलं. काही कंपन्यांच्या सामूहिक विम्यात ते बसतात आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे ठरावीक आजारांचे पैसे मिळायच्या आधी थांबायची मुदत, तीही नसते. दादाच्या कंपनीत ते बसत नव्हते.

आमच्या हातात होती ती मी १२ सप्टेंबर २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर घाबरून घेतलेली आईची चार लाखांची पॉलिसी. घेताना मी फक्त हप्ता पाहिला होता. एक्स-रेच्या रात्री पहिल्यांदा तिचं पुस्तक पान-पान वाचलं आणि चार ओळी वहीत उतरवल्या. सांधेरोपणासाठी प्रतीक्षा काळ ३६ महिने, अपघात असेल तरच अपवाद. आधीपासूनच्या आजारालाही, म्हणजे आईच्या रक्तदाबाला, तेवढाच. खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ४,००० रुपये. आणि साठीनंतर घेतलेल्या पॉलिसीला दहा टक्के को-पे, म्हणजे मान्य झालेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे आमचे. पुढचे सगळे निर्णय या चार ओळींवर फिरले.

छत्तीस महिने ११ सप्टेंबर २०२४ ला भरत होते. म्हणजे सात महिने थांबायचं. तिला जिना चढताना कठडा धरून तोंड दाबून कण्हताना पाहायचं आणि थांबायचं, हे मला जड गेलं. पैशासाठी आपण आईला दुखवतोय का, हा प्रश्न मी डॉक्टरांना सरळ विचारला. ते म्हणाले, ही झीज आहे, तातडीची शस्त्रक्रिया नाही, सात महिन्यांत ऑपरेशनचा निकाल सहसा बिघडत नाही. पण एक गोष्ट पाहत राहा. झोपल्यावर गुडघा पूर्ण सरळ होऊन गादीला टेकतो का? टेकायचा बंद झाला, गुडघा वाकडाच राहायला लागला, तर पॉलिसीची तारीख बघत बसू नका, माझ्याकडे या. मग रोज रात्री मी तिच्या गुडघ्याखाली हात सरकवून पाहायची. मांडीचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम तिने दिवसातून तीनदा केला. काठी वापरायला ती तयार नव्हती, शेवटी माझ्या मुलीने तिच्या काठीला मोगऱ्याचा गजरा बांधला तेव्हा झाली.

या सात महिन्यांत बँकेत दरमहा ८,००० चं रिकरिंग सुरू केलं. सुरुवातीला वाटत होतं, विमा आहे तर हे कशाला. पण विमा असला तरी आधी भरायचे, नंतर मिळायचे आणि कधीच न मिळायचे असे तीन प्रकारचे पैसे हातात लागतात, हे पुढे कळलं.

एस्टिमेट घ्यायला मी जूनमध्ये निघाले. तीन खाजगी इस्पितळं पाहिली, नावं देत नाही. पहिल्या ठिकाणी छापील कागदावर लिहिलेलं होतं, एका गुडघ्याचं पॅकेज १,८५,०००. दुसरीकडे २,२४,००० आणि तिसरीकडे २,४५,०००. पहिलं अर्थातच स्वस्त वाटलं. घरी येऊन कागद पुन्हा वाचला तेव्हा तळाला बारीक अक्षरात होतं, इम्प्लांट वेगळा. फोन केला तर कळलं, फिजिओथेरपी वेगळी, तिसऱ्या दिवसानंतरची खोली वेगळी, आणि आयसीयूत एक रात्र ठेवावं लागलं तर तीही वेगळी. सगळं मिळवल्यावर आकडा २,६०,००० च्या पुढे गेला.

तेव्हापासून मी एकच वाक्य विचारायला लागले, "एकूण नको, ओळीओळीने लिहून द्या." खोली किती दिवस आणि कुठल्या प्रकारची, सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर किती, इम्प्लांट कुठला आणि कितीचा, सिमेंट, औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, तपासण्या, फिजिओ. ज्यांनी हे आनंदाने लिहून दिलं, तिथेच आम्ही शेवटी गेलो. ते पणजीच्या बाजूचं मधल्या आकड्याचं इस्पितळ होतं.

इम्प्लांटबद्दल थोडं सविस्तर. गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत केंद्राच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या पूर्ण संचासाठी तेव्हाचा आकडा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा होता. पुढे आदेशांना मुदतवाढ आणि फेरफार होत गेले आहेत, म्हणून आपल्या तारखेचा आदेश पाहायचा. तिसऱ्या इस्पितळाच्या कागदावर 'इम्प्लांट' या एका शब्दापुढे १,१०,००० होते. ते मर्यादा मोडत होते असं मी म्हणत नाही. विचारल्यावर कळलं की त्यात हाडाचं सिमेंट, करवतीचं पातं, धुण्याचा पंप असं सगळं एकत्र बांधलेलं होतं, आणि कमाल किंमत फक्त मांडीच्या हाडाचा भाग, नडगीच्या हाडाचा भाग, मधली प्लॅस्टिकची चकती आणि वाटी यांना लागू आहे. म्हणूनच एका शब्दाची फोड मागायची. आणि शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक भागाच्या खोक्यावरचा स्टिकर आईच्या फाईलमध्ये चिकटवला आहे ना, ते पाहायचं. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. विमा कंपनी तो मागते, आणि दहा वर्षांनी काही झालं तर पुढच्या डॉक्टरलाही तोच लागेल.

आता खोलीची गोष्ट. आई परक्या माणसाशेजारी झोपायला बिचकते आणि रात्री मी तिच्याजवळ राहणार, म्हणून स्वतंत्र खोली घ्यायची असं ठरवलं होतं. तिचं भाडं ६,०००, पॉलिसीत ४,०००. म्हणजे रोजचे २,००० आपले, चार दिवसांचे ८,००० जातील. एवढं आईसाठी करू, असा माझा हिशेब.

इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीने तो ऐकला, एस्टिमेटचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीने तीन चौकोन काढले. पहिल्यात खोली, दुसऱ्यात डॉक्टर आणि ओटी, तिसऱ्यात इम्प्लांट, औषधं, तपासण्या. म्हणाली, "ताई, तुम्ही फक्त पहिला चौकोन धरताय." सहाच्या खोलीला चारची मर्यादा म्हणजे विमा कंपनी दोन तृतीयांश मानते. तोच भाग ती दुसऱ्या चौकोनालाही लावते. शिवाय स्वतंत्र खोलीच्या रुग्णाला सर्जन आणि ओटीचे दरही वरच्या श्रेणीचे लागतात, १,०५,००० ऐवजी १,२०,०००. त्याचा एक तृतीयांश म्हणजे ४०,००० आमच्या डोक्यावर, आणि खोलीचे ८,००० आहेतच. एकूण ४८,०००, को-पे वेगळा. त्यात ५,००० च्या वरच्या खोलीभाड्यावर जुलै २०२२ पासून लागणारा पाच टक्के जीएसटी. तिसऱ्या चौकोनावर तिने फुली मारली आणि म्हणाली, "हे कापता येत नाही." इम्प्लांट, औषधं, वापरून टाकायच्या वस्तू आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असा विमा नियामकाचाच नियम आहे, आणि आयसीयूलाही नाही. कोणाच्या बिलात लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्यावी.

तो पेन्सिलीचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. दोन खाटांच्या खोलीचं भाडं ३,५०० होतं. आईला समजावलं, आणि ती माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर तयार झाली.

७ सप्टेंबरला चवथ आली. आईने स्टुलावर बसून गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं निवडून दिली आणि मोदक उभ्याने वळले. १२ तारखेला पॉलिसीचं नूतनीकरण झालं. हप्ता मी मुद्दाम आठ दिवस आधी भरला होता. उशीर झाला तर सवलतीचे दिवस असतात, पण आपल्या तीन वर्षांच्या सलग प्रतीक्षेला त्या धोक्यात घालायची माझी तयारी नव्हती.

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर, ५ नोव्हेंबरला ठरली. तारीख धरण्यासाठी १०,००० भरले. रक्त, लघवी, ईसीजी, हृदयाची टू-डी इको आणि दातांची तपासणी १४ ऑक्टोबरला उरकली, मिळून ९,४०० रुपये. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. शरीरात कुठेही संसर्ग असताना नवा सांधा बसवायचा नाही, नाहीतर जंतू तिथे जाऊन बसू शकतात, त्यामुळे गोळ्यांचा कोर्स आणि तारीख दोन आठवडे पुढे. माझा राग लघवीच्या रिपोर्टवर निघाला. पण पैशांतही याचा फटका होता. रुग्ण दाखल होण्याच्या आधीच्या ३० दिवसांतलाच खर्च पॉलिसी धरते. १८ नोव्हेंबरला दाखल झालो तेव्हा त्या तपासण्यांना ३५ दिवस झाले होते. ९,४०० पैकी काहीच परत मिळालं नाही, रक्त-लघवी तर पुन्हा करावीच लागली. आधी लघवीची तपासणी एकटी करून घ्या, ती स्वस्त असते, आणि ती स्वच्छ आली की मग बाकीच्या करा. दुसऱ्या गुडघ्याला आम्ही तसंच केलं.

दाखल व्हायच्या आठवडाभर आधी प्री-ऑथचे, म्हणजे विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीचे, कागद गेले. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा प्रश्न आला की पहिल्या ओपीडी पेपरवर 'गुडघेदुखी पाच वर्षे' लिहिलंय, म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून, मग प्रस्तावात का नाही सांगितलं? माझ्या पोटात गोळा आला. खरी गोष्ट अशी की आईने डॉक्टरांना बोलता-बोलता सांगितलं होतं, "पाच वर्षां दुखतत." पण २०२४ पूर्वी तिने कधी कुठल्या डॉक्टरला गुडघा दाखवला नव्हता, औषध नव्हतं, एक्स-रे नव्हता. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीच्या आधी डॉक्टरने निदान केलेला किंवा ज्यावर सल्ला-उपचार घेतलेला आजार, अशी व्याख्या पॉलिसीतच आहे. सर्जननी लेटरहेडवर पहिल्या निदानाची तारीख आणि आधी उपचार झाले नसल्याचं लिहून दिलं, सोबत एक्स-रेचा रिपोर्ट जोडला. दोन दिवसांत मंजुरी आली. जे खरं आहे तेच सांगा, पण डॉक्टर काय लिहितात ते त्याच वेळी वाचा, आणि दुखणं कधीपासून व उपचार कधीपासून हे दोन्ही वेगवेगळं लिहायला सांगा.

मंजुरी मात्र २,२४,००० मागितल्यावर १,२०,००० ची होती. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी कळलं की ती फक्त पहिली मंजुरी असते, उरलेली रक्कम डिस्चार्जच्या बिलावर ठरते. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते.

सोमवारी संध्याकाळी दाखल झालो, कॅशलेस असूनही ४०,००० अनामत भरली. आणि वर गेल्यावर नर्स म्हणाली, दोन खाटांची खोली रिकामी नाही, आज रात्र स्वतंत्र खोलीत झोपा, आमच्याकडून. आई खूश झाली. मला पेन्सिलीचे चौकोन आठवले. मी परत खाली गेले आणि बिलिंगमधून एका ओळीचं पत्र शिक्का मारून घेतलं की रुग्णाची श्रेणी ट्विन शेअरिंगच आहे, खाट उपलब्ध नसल्याने एक रात्र वर ठेवलं, दर ट्विनचेच लागतील. पुढे शुक्रवारी अंतरिम बिलात ती रात्र ६,००० ने पडलेली होती. पत्र दाखवलं, दुरुस्त झाली. पत्र नसतं तर त्या एका रात्रीवरून अख्ख्या बिलाची श्रेणी ठरवण्याचा वाद झाला असता.

शस्त्रक्रिया दीड तासाची झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फिजिओथेरपिस्टने आईला वॉकर धरून उभं केलं. ती रडली, मीही रडले.

२२ नोव्हेंबरला डिस्चार्ज. नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असते. इस्पितळाने बिल ११ च्या सुमारास पाठवलं, उत्तर दोनच्या आत आलं. तीन तासांचं घड्याळ इस्पितळाकडून कागद गेल्यावर सुरू होतं, म्हणून सकाळी नऊलाच बिलिंगमध्ये जाऊन बिल बंद करायला सांगणं हे आपलं काम.

एकूण बिल २,२९,००० झालं. त्यातून ग्लोव्ह्ज, टोप्या, फाईल, डायपर अशा विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे ७,८०० गेले. उरलेल्या २,२१,२०० वर दहा टक्के को-पे म्हणजे २२,१२०. विम्याने १,९९,०८० दिले आणि आम्ही २९,९२०. आधी भरलेल्या पन्नास हजारांतून २०,०८० परत यायचे होते, ते नवव्या दिवशी खात्यात आले. अनामतीच्या मूळ पावत्या हातात ठेवा, परतावा त्यावरच मिळतो. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन सुरू झालं होतं. फोंड्याच्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली आणि आई मागच्या सीटवर पाय लांब करून आम्हालाच धीर देत होती.

घरी आल्यावर खर्च संपत नाही. वॉकर, उंच कमोड खुर्ची आणि महिनाभर घरी येणारा फिजिओ, ६०० रुपयांप्रमाणे २० वेळा, म्हणजे १२,०००. वॉकर विम्यात बसत नाही. फिजिओ डिस्चार्ज कार्डावर सर्जननी लिहून दिला होता म्हणून डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांच्या मुदतीत धरला गेला. त्यातूनही को-पे कापून १०,८०० मिळाले. ते कागद मुदत संपल्यावर १५ दिवसांत पाठवायचे होते, तारीख मी फ्रीजवर लिहून ठेवली होती.

दुसरा गुडघा लगेच केला असता तर? दोन्ही एकत्र करायला सर्जननी रक्तदाबामुळे नकारच दिला होता, मध्ये किमान तीन महिने हवे म्हणाले. पण तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत केलं असतं तर त्याच विमा वर्षात चार लाखांतले फक्त १,९०,१२० शिल्लक होते. बिल त्यापेक्षा जास्त आलं असतं, आणि वर्षात दुसरं काही आजारपण आलं तर हातात शून्य. १२ सप्टेंबर २०२५ च्या नूतनीकरणानंतर चार लाख पुन्हा पूर्ण झाले. आईला विचारलं, निर्णय तिचाच होता. उजवा पाय खणखणीत झाल्यामुळे डाव्याला थांबणं तिला जमत होतं. ती म्हणाली, "चवथ झाली काय करूया."

४ नोव्हेंबर २०२५ ला दुसरा गुडघा झाला. लघवीची तपासणी आधी, बाकीच्या दाखल व्हायच्या १२ दिवस आधी. प्री-ऑथला प्रश्न आला नाही. तोच कागद, तेच रकाने, तीच दोन खाटांची खोली. बिल २,३६,५०० आलं, आमच्या खिशातून ३१,००० च्या आसपास गेले, आणि रिकरिंगचे पैसे त्याला पुरून वर फिजिओलाही पुरले. शेजारच्या खाटेवर पेडण्याच्या एक आजी होत्या. पहिल्या दिवशी आई पडद्याकडे तोंड करून झोपली होती. तिसऱ्या दिवशी दोघी पडदा बाजूला करून कुळथाच्या पिठीवर बोलत होत्या.

६ जानेवारीला साठ दिवस संपले. फिजिओच्या पावत्या, औषधांची बिलं आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत १२ तारखेला कुरियरने गेली. पाकिटावर पत्ता आईने लिहिला. कुरियरच्या ऑफिसच्या तीन पायऱ्या ती आता कठड्याला हात न लावता चढते, पण कुरियरवाला घरी येतो हे तिला पटत नाही. ती स्वतः जाऊन देऊन आली.